‘बघू’चं इतिवृत्त

आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं होतं, ‘गळतेय’चं ‘गळती होत आहे’ केलं की झालं. पहिल्याच बैठकीत, 14 तारखेच्या रविवारी, तसं नसतं हे कळलं.

टाकीचा विषय निघाला. ‘अहो, परवापासून गळतेय. तो प्लंबर दोनदा येऊन नुसता बघून गेला,’ खजिनदार म्हणाले. ‘किती मागतोय?’ ‘बारा-पंधरा.’ ‘मग टाका की करून!’ ‘आधी अजून एक कोटेशन घ्या.’ ‘बघू. चालेल.’ आणि सगळे पार्किंगच्या भांडणाकडे वळले.

वहीत काय लिहायचं? ‘परवा’ मराठीत मागेही असतो आणि पुढेही. महिन्याभराने वाचणाऱ्याला तर तो कुठेच सापडत नाही. म्हणून तारीख हवी. ‘बारा-पंधरा’ला हजार जोडावे लागतात. आणि ‘बघू’ हा होकारही असतो, सभ्य नकारही.

मी सवयीने लिहिलं : ‘टाकीची दुरुस्ती करण्यात येईल.’ वाक्य अगदी सरकारी थाटाचं. पण करणार कोण? कर्मणी प्रयोगाचा हा जुना कावा आहे, कर्ता गुपचूप पसार होतो. शिवाय ‘करणे आवश्यक आहे’ हे नुसतं मत, ‘करावी’ ही सूचना किंवा आदेश, आणि ‘करावी असे ठरले’ हा निर्णय. बोलताना या तिन्हींसाठी आपण एकच ‘करायला पाहिजे’ वापरतो.

हे घरी बसून नुसत्या भाषेने सुटत नाही. मनाने भरलं, तर बैठकीत न झालेला निर्णय कागदावर होतो. म्हणून मी पार्किंग थांबवून विचारलं, ‘टाकीचं कोण करणार, कधीपर्यंत, किती रुपयांत?’ दोन मिनिटं कुरकुर झाली, पण उत्तरं मिळाली. मग हे लिहिलं :

‘गच्चीवरील टाकीस दि. 12 पासून गळती असून प्लंबरने दोनदा पाहणी करूनही दुरुस्ती झालेली नाही, असे खजिनदारांनी निदर्शनास आणले. अंदाजे खर्च रु. 12,000 ते 15,000 असल्याचे त्यांनी सांगितले. चर्चेअंती असे ठरले की, सचिवांनी दि. 21 पर्यंत आणखी एक दरपत्रक मागवावे व कमी दर असलेल्याकडून रु. 15,000 च्या मर्यादेत काम करून घ्यावे.’ खाली सूचक, अनुमोदक.

शेवटी मी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिणार, इतक्यात कोपऱ्यातले काका म्हणाले, ‘माझा विरोध आहे हां. नवीन टाकीच घ्या.’ एकाचा उघड विरोध असताना ‘सर्वानुमते’ खोटं ठरतं. मी ‘बहुमताने’ लिहिलं, खाली काकांचं नाव आणि कारण. ‘डबडं झालंय ते’ हे त्यांचं कारण वहीत असं उतरलं : ‘टाकी जीर्ण झाल्याने दुरुस्तीऐवजी नवीन टाकी बसवावी.’

पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचून कायम करताना काकांनी ते दोनदा वाचायला लावलं.