बुधवारी चौथ्या तासाला काय?

वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक कसं वाचायचं, हे मुलांना कोणी शिकवत नाही. नजर वरच्या ओळीत 'बुधवार' शोधते, डावीकडे 'चौथा तास' शोधते आणि दोन्हीकडून सरकत जिथे गाठ पडते तिथला 'भूगोल' उचलते. ही गाठ घालण्याचं काम नजर करते. कागदावर फक्त रेघा आणि शब्द असतात.

हेच वेळापत्रक शाळेच्या संकेतस्थळावर गेलं आणि वाचणारी मुलगी दृष्टिहीन असली, तर ती गाठ घालणार कोण? तिच्या संगणकावर स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम. विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा त्यातला मोफत मिळणारा आणि भरपूर वापरला जाणारा. त्यात `Ctrl` आणि `Alt` दाबून बाणाच्या कळा वापरल्या की तक्त्यातल्या एका चौकटीतून शेजारच्या चौकटीत जाता येतं. पण चौकटीत पोहोचल्यावर ऐकू काय येतं, ते पान बनवणाऱ्याने तक्ता कसा लिहिला आहे त्यावर ठरतं. एका तक्त्यात ऐकू येतं, 'चौथा तास, भूगोल'. दुसऱ्यात नुसतं 'भूगोल'. आणि शाळांच्या पानांवर दुसऱ्या प्रकारचेच तक्ते फार. वेळापत्रकाचा फोटो काढून लावला असेल, तर तेवढंही नाही.

असं होण्याचं कारण साधं आहे. तक्ता बऱ्याचदा वर्डमध्ये तयार होतो, वारांची ओळ ठळक केली जाते, तिला निळा रंग दिला जातो आणि तसाच तो पानावर चिकटवला जातो. ठळक अक्षर आणि निळा रंग डोळ्यासाठी आहेत. एचटीएमएलच्या लेखी 'बुधवार' आणि 'भूगोल' या दोन्ही `td`, म्हणजे माहितीच्या साध्या चौकटी राहतात. 'बुधवार' हे शीर्षक आहे हे सांगायचं तर त्या चौकटीला `th` म्हणावं लागतं. आणि ते शीर्षक खालच्या उभ्या रकान्याचं आहे की बाजूच्या आडव्या ओळीचं, हे `scope` या गुणधर्माने सांगायचं.

इयत्ता आठवी ब चं वेळापत्रक घेऊ. परिपाठानंतर सव्वाअकराला पहिला तास, पस्तीस मिनिटांचे आठ तास, चौथ्यानंतर मधली सुट्टी. तक्त्याची सुरुवात अशी होईल:

```html
<table>
  <caption>इयत्ता आठवी ब : सोमवार ते शुक्रवार</caption>
  <thead>
    <tr>
      <th scope="col">तास</th>
      <th scope="col">वेळ</th>
      <th scope="col">सोमवार</th>
      <th scope="col">मंगळवार</th>
      <th scope="col">बुधवार</th>
      <th scope="col">गुरुवार</th>
      <th scope="col">शुक्रवार</th>
    </tr>
  </thead>
```

`col` म्हणजे हे शीर्षक खालच्या रकान्याला लागू. पुढे `tbody` सुरू होतो आणि प्रत्येक ओळीची पहिली चौकट `scope="row"` असलेलं `th` होते. चौथ्या तासाची ओळ आणि तिच्यामागून येणारी सुट्टी अशी:

```html
<tr>
  <th scope="row">चौथा तास</th>
  <td>१.०० ते १.३५</td>
  <td>गणित</td>
  <td>हिंदी</td>
  <td>भूगोल</td>
  <td>विज्ञान</td>
  <td>इंग्रजी</td>
</tr>
<tr>
  <th scope="row">मधली सुट्टी</th>
  <td>१.३५ ते २.०५</td>
  <td colspan="5">डबा</td>
</tr>
```

आता ती मुलगी बुधवारच्या रकान्यात शिरते तेव्हा 'बुधवार' एकदा ऐकू येतं. त्याच रकान्यात खाली उतरताना दर पावलाला फक्त ओळीचं शीर्षक बदलतं, म्हणून तेवढंच बोललं जातं: चौथा तास, भूगोल. ती त्याच ओळीत उजवीकडे सरकली तर उलट होतं, 'चौथा तास' गप्प राहतो आणि 'गुरुवार, विज्ञान' ऐकू येतं. जे बदललं तेवढंच सांगायचं ही पद्धत फार शहाणपणाची आहे, कारण कानाला नजरेसारखं वगळता येत नाही.

जाणकार इथे एक शंका काढतील. नुसतं `th` लिहिलं, `scope` लिहिलाच नाही, तरी बरेच तक्ते नीट वाचले जातात. मग हा सोपस्कार कशाला? खरं आहे, `scope` नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि साध्या तक्त्यात तो बरोबर येतो. पण तो अंदाज कशावर बांधायचा याचा नियम एचटीएमएलच्या मानकात लिहिलेला आहे आणि तो वाचला की धोका कळतो. `th` ज्या आडव्या ओळीत आहे त्या ओळीत माहितीची एकही चौकट नसेल, तर ते उभ्या रकान्याचं शीर्षक धरायचं. तसं नसेल आणि त्याच्या उभ्या रकान्यात माहितीची एकही चौकट नसेल, तर ते आडव्या ओळीचं शीर्षक.

आता वेळापत्रकाचा डावीकडचा वरचा कोपरा आठवा. तिथे लिहिण्यासारखं काही सुचत नाही, म्हणून बहुतेक जण तिथे रिकामं `td` टाकून पुढे जातात. त्या एका रिकाम्या चौकटीमुळे वारांची ओळ 'माहितीची एकही चौकट नसलेली' राहत नाही आणि तासांचा रकानाही राहत नाही. म्हणजे नियमाच्या अक्षराप्रमाणे बारा-पंधरा शीर्षकं एकदम निराधार होतात. काही ब्राउझर स्वतःची अक्कल वापरून सावरून घेतात, पण त्यांच्या भरवशावर कशाला राहायचं? कोपऱ्यात 'तास' लिहिलं आणि प्रत्येक `th` ला `scope` दिला की प्रश्नच उरत नाही.

मधल्या सुट्टीची ओळ याहून फसवी. दिसायला छान म्हणून ती एकाच लांब चौकटीत बसवतात, सातही रकाने व्यापणारी, आणि ठळक दिसावी म्हणून तिला `th` करतात. `scope` नाही. मग त्या ओळीत माहितीची चौकट एकही नाही, म्हणून नियमानुसार 'मधली सुट्टी' हे खालच्या सगळ्या रकान्यांचं शीर्षक ठरतं. पाचव्या तासापासून आठव्यापर्यंतचा प्रत्येक विषय 'बुधवार'च्या जोडीला 'मधली सुट्टी' या शीर्षकाखालीही जातो. मुलं खूश होतील, पण वेळापत्रक म्हणून हे चुकीचं. वर दिलेल्या नमुन्यात सुट्टी ही तासासारखीच ओळ आहे. तिचं शीर्षक डावीकडे, वेळ वेगळी आणि पाच वारांवर पसरलेली एकच चौकट.

वेळेचा रकाना वेगळा का ठेवला, तेही सांगायला हवं. 'चौथा तास, १.०० ते १.३५' असं सगळं एकाच शीर्षकात कोंबता येतं आणि डोळ्याला ते खटकत नाही. पण मग बुधवारच्या रकान्यात उतरताना प्रत्येक विषयाआधी ती वेळ ऐकावी लागते. आठ तासांत आठ वेळा. शीर्षक जितकं आखूड तितकं बरं. वेळ हवी असेल तेव्हा डावीकडे जाऊन विचारता येते.

आणि शनिवार? तो या तक्त्यात मुद्दाम घेतलेला नाही. आपल्याकडच्या अनेक शाळांत शनिवारी सकाळची शाळा असते, तास छोटे आणि कमी असतात. भिंतीवरच्या कागदावर तो सहावा रकाना म्हणून येतो आणि खाली बारीक अक्षरात 'शनिवारी वेळ सकाळी' अशी टीप असते. पडद्यावर हे अंगाशी येतं. शनिवारच्या तिसऱ्या तासावरून त्याच ओळीत डावीकडे गेलं की वेळ मिळते १२.२५, आणि प्रत्यक्षात तोवर मुलं घरी गेलेली असतात. ओळीतली वेळ ज्या रकान्याला लागू पडत नाही, तो रकाना त्या तक्त्यातला नव्हे. शनिवारचा वेगळा तक्ता करावा: तास, वेळ, विषय, असे तीनच रकाने.

दोन तक्ते झाले की `caption` ची गरज आपोआप कळते. शाळेच्या एका पानावर पाचवी ते दहावीच्या सगळ्या तुकड्यांची वेळापत्रकं असतात. एनव्हीडीएमध्ये `T` ही कळ दाबली की पुढच्या तक्त्यावर उडी मारता येते. `caption` नसेल तर प्रत्येक उडीला 'दहा ओळी, सात रकाने' एवढंच कळतं, आणि सगळे तक्ते एकाच मापाचे. वर मोठ्या अक्षरात 'आठवी ब' असं लिहिलेलं असलं तरी ते तक्त्याच्या बाहेर आहे, त्याचं तक्त्याशी नातं कुठेच नोंदलेलं नाही. `caption` हे नातं जोडतं. ते `table` च्या आत अगदी पहिलं यायला हवं, त्याच्या आधी दुसरं काहीही चालत नाही. ते तक्त्याखाली दिसायला हवं असेल तर `caption-side: bottom` या स्टाइलने खाली नेता येतं, कोडमधली जागा मात्र तीच राहते.

`caption` मध्ये नुसतं 'वेळापत्रक' लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. इयत्ता, तुकडी, वार, आणि सत्रागणिक वेळापत्रक बदलत असेल तर सत्रही. 'इयत्ता' हा शब्द सगळीकडे पहिलाच येतो, त्याऐवजी 'आठवी ब' ने सुरुवात केली तर ऐकणारीला पहिल्या दोन शब्दांत कळतं की हा तक्ता आपला नाही, आणि ती पुढची उडी मारते. वरच्या नमुन्यातही मी आता तोच बदल करीन.

यातलं काही नवीन नाही. `scope` हा गुणधर्म डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० मध्येच होता. पण त्या काळात पानं सजवणारे लोक तक्त्याचा उपयोग चित्रं आणि मजकूर शेजारी-शेजारी बसवण्यासाठी करत, आकडे आणि माहिती मांडण्यासाठी कमी. त्याचा एक अवशेष अजून शिल्लक आहे: हा तक्ता खरोखर माहितीचा आहे की नुसता मांडणीचा, हे ब्राउझर आजही काही खुणांवरून ठरवतो. `caption` आणि `th` या त्यातल्या मोठ्या खुणा. त्या नसलेला, रेघा नसलेला छोटासा तक्ता मांडणीचा समजला जाऊ शकतो, आणि मग स्क्रीन रीडर 'इथे तक्ता आहे' असं म्हणतही नाही.

तक्ता तयार झाल्यावर आधी चौकटी मोजाव्यात. प्रत्येक ओळीत `colspan` धरून बेरीज सात यायला हवी. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचा जोडतास `rowspan="2"` ने दाखवला असेल, तर खालच्या ओळीत एक चौकट कमी लिहायची असते. ती कमी करायची राहिली की त्या ओळीतले पुढचे विषय एकेक घर उजवीकडे सरकतात आणि शुक्रवारचा विषय तक्त्याबाहेर आठव्या रकान्यात जाऊन पडतो. पडद्यावर तो बाहेर डोकावताना दिसतो, म्हणून ही चूक निदान पकडता येते. उलटी चूक, म्हणजे एक चौकट जास्त वगळणं, शेवटी नुसती रिकामी जागा सोडते. ती शुक्रवारचा मोकळा तास समजून सहज खपून जाते.

त्यानंतर एनव्हीडीए सुरू करून पडदा बंद ठेवावा आणि कोणताही एक प्रश्न मनात धरून तक्त्यात शिरावं. गुरुवारी सहाव्या तासाला काय आहे? `T` दाबून आठवी ब गाठायची, उजवीकडे सरकत गुरुवारपर्यंत जायचं, तिथून खाली सहाव्या तासापर्यंत. उत्तर ऐकताना वार किंवा तास बोटांवर मोजायची वेळ आली, तर कुठल्यातरी `th` चा `scope` राहिलेला आहे.