आधी आडवी रेषा काढा

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचं प्रकरण आलं की मुलं सूत्रं पाठ करतात, तक्ता पाठ करतात, आणि तरीही दीपगृह आणि जहाज म्हटलं की अडतात. वह्या तपासताना मला एक गोष्ट सतत दिसते. आकडेमोड बहुधा बरोबर असते, चूक असते आकृतीत. आकृतीतही ती एका ठरावीक जागी असते: कोन कोणत्या रेषेपासून मोजायचा, तिथे.

नेहमीचंच एक उदाहरण घेऊ. ६० मीटर उंच दीपगृहाच्या माथ्यावरून पाहणाऱ्याला, सरळ दीपगृहाकडे येणारं एक जहाज ३०° च्या अवनत कोनात दिसतं. थोड्या वेळाने तेच जहाज ६०° च्या अवनत कोनात दिसतं. दरम्यान जहाज किती अंतर पुढे आलं?

बहुतेक मुलं आधी उभी रेषा काढतात, म्हणजे दीपगृह. मग खाली पाणी, पाण्यावर जहाज, माथ्यापासून जहाजापर्यंत तिरकी रेषा. आता ३०° कुठे लिहायचे? माथ्यापाशी एकच कोन समोर दिसतो, दीपगृह आणि तिरकी रेषा यांच्यामधला. ३०° तिथे जाऊन बसतात. पण अवनत कोन दीपगृहापासून मोजत नाहीत. पाहणारा आधी समोर सरळ, क्षितिजाकडे बघतो आणि मग नजर खाली झुकवतो. ती नजर जेवढी झुकली, तेवढा अवनत कोन. आकृतीत ती समोरची आडवी रेषाच नसेल तर कोनाला जागाच उरत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, दीपगृहाच्या माथ्यातून तुटक आडवी रेषा आधी काढा, बाकीचं नंतर.

```
A - - - - - - - - - - - X
|\  .
| \    .
|  \      .
|    \        .
|     \           .
B------C-------------D
```

A म्हणजे माथा, B पायथा, AB = ६० मीटर. AX ही नजरेची आडवी रेषा. D हे जहाजाचं पहिलं स्थान, C दुसरं. दिलेले कोन X च्या बाजूचे आहेत: ∠XAD = ३०° आणि ∠XAC = ६०°. AX आणि BD समांतर आहेत, त्यामुळे व्युत्क्रम कोनांच्या नियमाने हेच कोन खाली जहाजापाशी उतरतात: ∠ADB = ३०°, ∠ACB = ६०°. हे वाक्य उत्तरपत्रिकेत कारणासह लिहायचं, कारण पुढचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

आता दोन्ही काटकोन त्रिकोणांत समोरची बाजू AB माहीत आहे आणि लगतची बाजू शोधायची आहे. समोरची आणि लगतची बाजू जोडणारं गुणोत्तर म्हणजे tan.

```
ΔABD मध्ये:  tan ३०° = AB / BD
             १/√३ = ६० / BD
             BD = ६०√३

ΔABC मध्ये:  tan ६०° = AB / BC
             √३ = ६० / BC
             BC = ६०/√३ = २०√३

CD = BD − BC = ६०√३ − २०√३ = ४०√३
   = ४० × १.७३ = ६९.२ मीटर
```

जहाज ६९.२ मीटर पुढे आलं. √३ शेवटपर्यंत तसंच ठेवलं आणि १.७३ एकदाच घातलं, हेही पाहून ठेवा. मध्येच दशांश केले की वजाबाकीत ते त्रास देतात.

आता तीच चुकीची आकृती घेऊन बघू. दीपगृह आणि तिरकी रेषा यांच्यामध्ये ३०° लिहिले, तर BD = ६० × tan ३०° = २०√३, म्हणजे ३४.६ मीटर. दुसऱ्या वेळी ६०° लिहिले, तर BC = ६०√३, म्हणजे १०३.८ मीटर. जहाज जवळ येत होतं ना? इथे ते लांब गेलं. मुलगी हे बघत नाही. वजाबाकी उणे येते म्हणून ती मोठ्यातून लहान वजा करते आणि उत्तर लिहिते, ६९.२ मीटर. उत्तर बरोबर! ३०° आणि ६०° यांची बेरीज ९०° असल्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहिल्यावर त्या मुलीला आपलं सगळं नीट जमतंय असं वाटतं.

कोन ३०° आणि ४५° असे केले की झाकण उघडतं. बरोबर आकृतीत BD = १०३.८ आणि BC = ६०, फरक ४३.८ मीटर. चुकीच्या आकृतीत ३४.६ आणि ६०, फरक २५.४ मीटर. घरी सराव करताना एखादं उदाहरण मुद्दाम अशा कोनांनी करून बघावं.

चूक पकडायला एक आधार पुरतो: ४५°. या कोनाला उंची आणि अंतर समान असतात. उन्नत किंवा अवनत कोन ४५° पेक्षा लहान असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्त हवं, मोठा असेल तर कमी. ६० मीटर उंचीला ३०° वर ३४.६ मीटर अंतर आलं, तर आकृतीकडे परत जायचं.

खालून वर पाहतानाही आडवी रेषाच कळीची असते. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यातून जाते, पायातून नाही. म्हणून उदाहरणात १.५ मीटर उंचीचा मुलगा आला की त्रिकोण जमिनीपासून १.५ मीटरवर सुरू होतो, आणि शेवटी ते १.५ मीटर मिळवायचे असतात.

हे हाताने करून पाहायचं असेल तर कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा आणि मध्यबिंदूला दोरा बांधून खाली नट लटकवा. गोल बाजू खाली धरून स्ट्रॉ आडवी केली की दोरा ९०° वर येतो. स्ट्रॉमधून इमारतीचं टोक पाहताना दोरा ६०° वर थांबला, तर उन्नत कोन ९० − ६० = ३०°. दोरा उभी दिशा दाखवतो आणि आपल्याला आडवीपासूनचा कोन हवा, म्हणजे तीच जुनी गल्लत इथेही वाट बघत असते. इमारतीपासून १५ मीटरवर उभं राहिल्यास १५/√३ म्हणजे ८.७, त्यात डोळ्याची उंची १.५ मिळवून सुमारे १०.२ मीटर. वजाबाकी विसरून ६०° धरले तर तीच तीन मजली इमारत साडेसत्तावीस मीटरची होते.

दोरा हलतो, त्यामुळे एखाद्या अंशाची चूक होणारच. याच इमारतीला ४५° वरून पाहताना एका अंशाने उंचीत सुमारे ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. अगदी दोन मीटरवर जाऊन मान वर करून पाहिलं तर ७५ सेंटीमीटरचा. म्हणून मोजायला जाताना मुलांना सांगते, दोरा ४५° वर येईपर्यंत मागेपुढे सरका. तिथून पायथ्यापर्यंत टेप धरा आणि डोळ्याची उंची मिळवा. tan ४५° = १, तेव्हा तक्ता दप्तरातच राहू द्या.