दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा

शेअरच्या चार्टवर हिरवे आणि लाल त्रिकोण पाहिले की नव्या गुंतवणूकदाराला वाटतं, इथे घ्यायचं आणि इथे विकायचं, सगळं सोपं आहे. हे त्रिकोण बहुतेक वेळा मूव्हिंग ॲव्हरेज क्रॉसओव्हरमधून येतात. ते नेमके कोणत्या दिवशी उमटतात, हे एकदा स्वतः हिशोब करून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर पैसे लावू नयेत.

त्यामागचं गणित शाळेतलंच आहे. मागच्या ठरावीक दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची. दुसऱ्या दिवशी सर्वांत जुना भाव सोडून नवा घ्यायचा, म्हणजे सरासरी रोज एक पाऊल पुढे सरकते. अशा दोन सरासऱ्या घेतात, एक कमी दिवसांची आणि एक जास्त दिवसांची. कमी दिवसांची सरासरी भावामागे लगेच वळते, जास्त दिवसांची सावकाश. लहान सरासरी मोठीला खालून वर छेदून गेली की खरेदीचा इशारा, वरून खाली आली की विक्रीचा.

प्रत्यक्षात २० आणि ५० किंवा ५० आणि २०० दिवस घेतात. समजण्यासाठी आपण ३ आणि ५ घेऊ. समजा, एका शेअरचे सात दिवसांचे बंद भाव १०४, १०२, १००, ९८, ९६, १०० आणि १०४ आहेत. पाचव्या दिवशी ३ दिवसांची सरासरी ९८ आणि ५ दिवसांची १००. सहाव्या दिवशी भाव वर आला, तरी सरासऱ्या ९८ आणि ९९.२, म्हणजे लहान अजून खालीच. सातव्या दिवशी त्या १०० आणि ९९.६ झाल्या. छेद इथे झाला. तळ ९६ ला होता आणि इशारा मिळाला १०४ ला. हा उशीर सरासरीच्या स्वभावातच आहे, कारण तिच्यात जुने भाव मिसळलेले असतात.

एक्सेलमध्ये B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून बंद भाव, C मध्ये लहान आणि D मध्ये मोठी सरासरी ठेवली, तर आठव्या ओळीत, म्हणजे सातव्या दिवसासमोर, E आणि F रकान्यांतली सूत्रं अशी:

```
E8: =IF(AND(C8>D8,C7<=D7),"BUY",IF(AND(C8<D8,C7>=D7),"SELL",""))
F8: =IF(E8="BUY",B8,NA())
```

पहिल्या सूत्रात आजची आणि कालची, दोन्ही दिवसांची तुलना आहे. फक्त आज लहान सरासरी वर आहे का, एवढंच विचारलं तर ती वर असेपर्यंत रोज खरेदीची खूण उमटत राहील. F रकाना चार्टसाठी आहे. त्याची मालिका भावाच्या रेषेवर चढवायची, तिची रेषा बंद करून फक्त हिरवा त्रिकोण ठेवायचा. इशारा नसलेल्या दिवशी #N/A येतं आणि तिथे खूण पडत नाही. विक्रीसाठी असाच आणखी एक रकाना आणि लाल त्रिकोण.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. खूण सातव्या दिवसाच्या भावावर दिसते, म्हणून लोक १०४ ला खरेदी झाली असं धरून नफा मोजतात. पण सातव्या दिवसाचा बंद भाव कळतो तो बाजार बंद झाल्यावर. खरेदी आठव्या दिवशीच होणार, मग भाव १०३ असो की १०८. दुसरी चूक बोनस आणि स्प्लिटची. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. शेअरची संख्या दुप्पट झाली, त्यामुळे भाव निम्म्यावर आला. जुने भाव त्यानुसार समायोजित केले नाहीत, तर चार्टवर विक्रीची साफ खोटी खूण उमटते.

आणि खूण खरी असली तरी ती किती कामाची? अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकावर ५० आणि २०० दिवसांचा विक्रीचा छेद डिसेंबर २००७ मध्ये १,४८० च्या आसपास आला. खरेदीचा आला जून २००९ मध्ये, ९०० च्या जवळ. मधली भीषण पडझड टळली. २०२० मध्ये हाच नियम उलटला. कोविडच्या घसरणीचा तळ २३ मार्चला झाला, विक्रीचा छेद त्यानंतर आठवड्याने, २,६०० च्या वर आला. जुलैमध्ये खरेदीची खूण आली तेव्हा निर्देशांक ३,१०० च्या पुढे गेला होता. म्हणजे स्वस्तात विकून महागात घ्यावं लागलं. लांबलेल्या मंदीत ही पद्धत तारते, झटक्यात पडून झटक्यात उसळणाऱ्या बाजारात फसते. भाव महिनोन्‌महिने एकाच पट्ट्यात घुटमळत असेल, तर दोन्ही रेषा एकमेकींत गुंततात, खुणा दाटीवाटीने पडतात आणि बहुतेक सौदे थोड्या थोड्या तोट्यात जातात.

म्हणून कोणी खुणांनी भरलेला देखणा चार्ट दाखवला, तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा. खरेदीचा भाव खुणेच्या दिवसाचा धरलाय की दुसऱ्या दिवसाचा? आणि डिलिव्हरीत घेताना ०.१ टक्का, विकताना ०.१ टक्का एसटीटी आणि दलाली वजा केली आहे का?