उरलेल्या आम्लाचा हिशेब



जेईईतलं लांबलचक गणित दिसलं की आधी शेवटचं वाक्य वाच. काय विचारलंय ते कळलं की उलटं चालता येतं.

परवा तू अडलास तेच घे. १.२५ ग्रॅम अशुद्ध चुनखडी ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ५० मिलिलिटरमध्ये विरघळवली. उरलेल्या आम्लाला तितक्याच तीव्रतेचं १० मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइड लागलं. शुद्धता किती?

सगळं मिलिमोलमध्ये लिही, म्हणजे हजाराचे भागाकार टळतात. आम्ल घातलं २५, उरलं ५, म्हणजे चुनखडीने खाल्लं २०. इथेच तू घसरलास. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रेणूला आम्लाचे दोन रेणू लागतात, म्हणून कार्बोनेट १० मिलिमोल, म्हणजे १ ग्रॅम. शुद्धता ८० टक्के.

तू निम्मं करायला विसरलास आणि उत्तर १६० टक्के आलं. नमुन्यापेक्षा जड कार्बोनेट त्यात असणार कसं? उत्तर लिहिण्याआधी एवढं तपासलं असतंस तर चूक तिथेच सापडली असती. पण निम्मं करायच्या जागी चुकून दुप्पट न करता नुसता आकडा चुकला, तर ही तपासणी कामाची नाही. म्हणून समतोल समीकरण आधी कागदावर मांड.

आता हेच गणित सोडियम कार्बोनेट घेऊन सोडव आणि मला उत्तर कळव.

तुझा दादा