आकडा किती वाजताचा?

जेवणानंतर बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर २४० दिसलं, घाबरून दोन युनिट जास्त टोचून घेतली आणि संध्याकाळी घाम फुटला. झटपट काम करणारं इन्सुलिन घेणाऱ्या बऱ्याच घरांत हे घडतं. मीटरचा आकडा बरोबर असतो, चूक तो वाचण्यात होते. इंजेक्शनला आणि पहिल्या घासाला किती वेळ झाला, हे माहीत नसेल तर २४० या आकड्यावरून फारसं काही कळत नाही.

लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसीन ही या गटातली इन्सुलिनं. टोचल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत ती काम सुरू करतात, तासा-दीड तासाच्या आसपास त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो आणि चार तासांच्या आगेमागे ती ओसरतात. पोळी-भातातली साखर मात्र खाल्ल्यानंतर लवकरच रक्तात येऊ लागते. म्हणूनच जेवणाआधी पंधराएक मिनिटं टोचायला सांगितलं जातं. साधं रेग्युलर किंवा मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये, कारण त्यांचं घड्याळ वेगळं चालतं.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्यातले एक शिक्षक दुपारी पाऊण वाजता बोट टोचतात, शुगर ११८ भरते. लगेच सहा युनिट टोचतात आणि एक वाजता दोन पोळ्या, भाजी, वरण-भात खातात. दोन वाजता शुगर १८६, तीन वाजता १५५, पाच वाजता ११४. दुसऱ्या दिवशी जेवण तेच, डोस तोच. पण शाळेत गडबड होती, म्हणून इंजेक्शन जेवून उठल्यावर घेतलं. दोन वाजता शुगर २४८! पाच वाजता मात्र ११८.

दोन्ही दिवशी पाच वाजताचे आकडे जवळपास सारखे आहेत. म्हणजे सहा युनिट त्या जेवणाला पुरली होती. दोन वाजताची उसळी उशिरा टोचल्यामुळे आली. इन्सुलिन साखरेच्या मागे पडलं. तासा-दोन तासांचा आकडा मुख्यतः वेळेबद्दल सांगतो आणि चार तासांचा डोसबद्दल, असं ढोबळमानाने म्हणता येतं. आता समजा त्या दुसऱ्या दिवशी २४८ बघून शिक्षकांनी आणखी दोन युनिट घेतली असती. त्यांच्या बाबतीत एक युनिट शुगर साधारण ३५ ने उतरवतं. आधीची सहा युनिट अजून कामात होतीच, त्यात या दोनांची भर पडून संध्याकाळी शुगर पन्नाशीच्या खाली गेली असती. इन्सुलिनवर इन्सुलिन चढवणं ते हेच.

घड्याळ पहिल्या घासापासून मोजायचं, हात धुतल्यापासून नव्हे. निवांत पाऊण तास जेवणाऱ्या माणसाचे ‘दोन तास’ त्याशिवाय पावणेतीन होतात. आणि पाचचा आकडा हवा असेल, तर चारचा चहा-बिस्किटं त्या दिवशी मागे ढकलावी लागतात. आपल्याकडे हीच अट सर्वांत जड जाते! चहा घेतलाच, तर तो आकडा दुपारच्या डोसचा निकाल म्हणून धरू नये.

पुरणपोळी आणि वर तुपाची धार, किंवा बिर्याणी, असं जेवण असलं की चित्र उलटं होतं. तुपा-तेलामुळे पोट उशिरा रिकामं होतं. दोन तासांनी शुगर १४० बघून मन खूश होतं, आणि पाचव्या तासाला, इन्सुलिन ओसरल्यावर, ती २२० वर गेलेली असते. म्हणून डोस जोखायचा तर रोजच्या साध्या जेवणावर, तोही दोन-तीन दिवसांच्या नोंदी बघून आणि डॉक्टरांना दाखवून.

मीटरलाही मर्यादा आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. खरी शुगर १६० असेल तर स्ट्रिप १३६ ही दाखवू शकते आणि १८४ ही. तेव्हा कालच्या १५५ ची आजच्या १७० शी तुलना करून डोस हलवण्यात अर्थ नाही. आंबा कापलेल्या हाताने टोचलं तर मीटर चक्क बोटावरची साखर मोजतो. अशा वेळी साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचावं.

थरथर, घाम, धडधड जाणवली तर मात्र ठरलेल्या तासाची वाट बघायची नाही, लगेच टोचायचं. आकडा ७० च्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीनेक चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. जेवणाआधीच शुगर इतकी खाली असेल, तर आधी साखर, ती वर आल्यावर इंजेक्शन.