वाढता धंदा, रिकामा गल्ला

गोंदिया म्हणजे राईस मिल आणि तांदूळ, ही ओळख जगजाहीर आहे. ट्रक भरून माल नागपूर-चंद्रपूरकडे जातो, हेही सगळे पाहतात. मी मात्र या धंद्याकडे हिशेबनिसाच्या टेबलामागून पाहिले. तिथे शेठजी अगदी दबक्या आवाजात विचारतात, "विक्री वाढली जी, मग पैसा कुठं गेला?"

असेच एक घाऊक तांदूळ व्यापारी. आकडे सोपे करून सांगतो. विक्री रोज 1 लाख. माल गोदामात 30 दिवस राहायचा आणि गिऱ्हाईक 45 दिवसांनी पैसे द्यायचे. मिलवाला मात्र 10 दिवसांवर थांबायचा नाही. म्हणजे 65 दिवसांचे पैसे कायम अडकलेले, ढोबळमानाने 65 लाख. पुढच्या वर्षी विक्री रोज 1 लाख 40 हजारांवर गेली आणि शेठजींनी पेढे वाटले. अडकलेली रक्कम आता 91 लाख, म्हणजे 26 लाखांची वाढ. या धंद्यात नफा दोनेक टक्के, म्हणजे वर्षाला 10 लाख. त्यातले 6 लाख घरखर्चात गेले आणि 4 उरले. बाकीचे 22 लाख कुठून आणायचे, हे पेढे वाटताना कुणी विचारले नव्हते.

शेठजी निर्धास्त होते, कारण बँकेची 60 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा होती आणि उचल 57 लाखांचीच होती. पण खरा लगाम असतो 'ड्रॉइंग पॉवर'चा. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ती ठरते. तपासणीला आलेल्या बँकेच्या साहेबांना शेठजींनी भरलेले गोदाम मोठ्या अभिमानाने दाखवले: 42 लाखांचा माल! साहेबांनी चहा घेतला आणि मिलवाल्याचे देणे किती, एवढेच विचारले. 14 लाख. पैसे न दिलेला माल बँक मोजत नाही. उरले 28 लाख, त्यातून 25 टक्के मार्जिन वजा जाऊन 21. उधारी 63 लाखांची, पण 90 दिवसांवरची 13 लाख थेट बाद. राहिलेल्या 50 लाखांवर या बँकेचे मार्जिन 40 टक्के, म्हणून 30. एकूण 51 लाख. उचल त्याहून 6 लाखांनी जास्त! ज्या गोदामाच्या भरवशावर छाती फुगली होती, त्याचा तिसरा हिस्सा बँकेच्या लेखी दुसऱ्याचाच होता.

ती 13 लाखांची जुनी उधारी बहुतेक एकाच बड्या गिऱ्हाइकाची. त्याची गोष्ट गल्लीतल्या चुरशीची. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचे हे गिऱ्हाईक शेठजींनी 60 दिवसांची उधारी देऊन 'फोडले' होते. पुढे कळले, गिऱ्हाइकाने पैसे थकवल्यामुळे शेजाऱ्याने त्याला आधीच माल देणे बंद केले होते. आणि "लई सज्जन माणूस" अशी शिफारसही शेजाऱ्यानेच केली होती!

26 किलोच्या पिशवीचा किस्सा याच काळातला. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या तांदळाच्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी आला. बाहेर चर्चा महागाईची झाली; आत दुखणे वेगळे होते. मोठ्या कट्ट्यातला करमुक्त तांदूळ घेऊन छोट्या पिशव्या भरणाऱ्याला वजावट करायला खरेदीवरचा कर जवळजवळ नसतोच. महिन्यात 20 लाखांच्या पिशव्या उधार गेल्या, की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला 1 लाख सरकारात भरायचे. गिऱ्हाइकाचे पैसे मात्र अजून वाटेतच असतात. मग बाजारात 26 किलोच्या पिशव्या दिसू लागल्या. दुकानदारांना वाटले, किलोभर तांदूळ भेट मिळाला. प्रत्यक्षात त्याचीही किंमत बिलात होती.

शेठजींना मर्यादा वाढवून हवी होती. आम्ही आधी उधारीची यादी काढली. बँकेचे व्याज पडत होते 11 टक्के. म्हणून 15 दिवसांत पैसे देणाऱ्याला अर्धा टक्का सूट ठेवली. एक तृतीयांश विक्रीचे पैसे 30 दिवस आधी आले, तर 14 लाख मोकळे होणार होते. वर्षाची सूट 84 हजारांची, वाचणारे व्याज दीड लाखाच्या आसपास. गणित बरोबर होते, पण पहिल्याच महिन्यात घोळ झाला. सूट बिलातच छापली होती. गिऱ्हाइकांनी ती कापून घेतली आणि पैसे दिले चाळिसाव्या दिवशी, वर "बिलावरच लिहिलंय नं?" असे सुनावले. दुसऱ्या महिन्यापासून बिल पूर्ण रकमेचे निघू लागले आणि पैसे खात्यात पडल्यावरच सुटीची क्रेडिट नोट. दोन जणांनी माल घेणे बंद केले. ते शेजाऱ्याकडे गेले, 60 दिवसांच्या उधारीवर. या वेळी शिफारस आमच्या शेठजींनी केली.