आदेशाच्या कपाळावर लिहिलेले नसते

पंजाब सरकारच्या अन्न व पुरवठा खात्यात एक हंगामी सब-इन्स्पेक्टर होता. तो कामावर येईनासा झाला आणि जानेवारी 1977 मध्ये खात्याने त्याची सेवा संपवली. चौकशी झाली नाही. एप्रिल 1984 मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, त्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला. सेवासमाप्तीचा आदेश नैसर्गिक न्यायाला सोडून असल्यामुळे तो शून्य आहे आणि आपण आजही नोकरीतच आहोत, असे जाहीर करून द्यावे, ही त्याची मागणी होती.

पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. नेमणूक हंगामी होती, तिच्या अटींनुसारच ती संपली आणि दावाही मुदतीबाहेर आहे, असे त्याचे म्हणणे पडले. अपिलात पारडे फिरले. अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांना दिसले की आदेशाची भाषा साधीसुधी असली तरी ती प्रत्यक्षात शिक्षा होती, आणि शिक्षा द्यायची तर आधी चौकशी हवी. ती झालेली नाही, म्हणून आदेश शून्य. शून्य आदेशाला मुदत कसली लावायची? उच्च न्यायालयानेही सरकारचे अपील ऐकून घेण्यात अर्थ पाहिला नाही.

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. जे मुळात नाहीच ते रद्द करून घ्यायची गरज काय? नोकरी गेलीच नसेल तर ती परत मागण्याची मुदत संपेल कशी? आपल्याकडे कचेरीत, वकिलाच्या ओट्यावर, संघटनेच्या बैठकीत ‘हा आदेश नल अँड व्हॉइड आहे, दुर्लक्ष करा’ असे कोणीतरी छातीठोकपणे सांगत असतेच. त्या सल्ल्यामागचे तर्कशास्त्र नेमके हेच आहे. 1991 साली ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरुदेव सिंग’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले.

त्याआधी शून्य आणि शून्यनीय यांतला भेद पाहू. ज्याला अधिकारच नाही त्याने काढलेला आदेश शून्य. जमिनीच्या मालकीचा वाद कायमचा निकाली काढणे हे दिवाणी न्यायालयाचे काम. तो निवाडा एखादा महसूल अधिकारी आपल्या सहीने करून टाकू लागला, तर त्याच्या पायाखाली जमीनच नाही. याउलट अधिकार आहे, पण वापरताना चूक झाली, पुरावा चुकीचा वाचला किंवा नियमाचा अर्थ चुकला, तर आदेश शून्यनीय. तो रद्द करता येतो, पण रद्द होईपर्यंत कायदेशीरच असतो. संबंधित माणसाचे म्हणणे न ऐकता काढलेला आदेश कुठल्या खणात टाकायचा यावर न्यायाधीशांचेही एकमत नव्हते. ब्रायटनच्या पोलीस प्रमुखाला 1958 मध्ये बाजू मांडू न देता बडतर्फ केले गेले. ते प्रकरण 1963 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले तेव्हा बहुमताने आदेश शून्य ठरला, पण एका न्यायाधीशाने तो शून्यनीयच मानला. पुस्तकात भेद स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात आपला आदेश कुठल्या बाजूला पडतो हे सांगायलाच न्यायालय लागते, आणि खरी मेख इथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने वाद नेमका इथे पकडला. आदेश शून्य असेल तर न्यायालयाने तसे जाहीर केले की पुरे, तो आपोआप कोसळतो. वेगळा रद्द करावा लागत नाही. हे कर्मचाऱ्याचे म्हणणे न्यायालयाने मान्यच केले. पण तसे जाहीर होईपर्यंत तो आदेश व्यवहारात चालतच असतो. पगार बंद होतो, हजेरीपटावरून नाव जाते, जागेवर दुसरा येतो. या परिस्थितीतून बाहेर पडायचे तर न्यायालयात यावे लागते, आणि जो येतो त्याने मुदतीत यायचे. मुदत कायदा, 1963 मध्ये दाव्यांची एक लांबलचक यादी आहे. तीत ज्या दाव्यासाठी वेगळी मुदत दिलेली नाही त्याला अनुच्छेद 113 लागतो : दाव्याचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षे. सेवा जानेवारी 1977 मध्ये संपली, म्हणजे तीन वर्षे जानेवारी 1980 च्या आसपास भरली. सरकारवर दावा लावण्याआधीच्या नोटिशीचे दोन महिने वगळले, तरी एप्रिल 1984 चा दावा चार वर्षांनी उशिराच आला. सरकारचे अपील मंजूर झाले. विनाचौकशी शिक्षा देणे योग्य ठरले, असा याचा अर्थ नाही. मुदत उलटल्यावर तो प्रश्न विचारायलाच कोणी उरले नाही, एवढाच आहे.

या निकालाने आधार घेतला तो लॉर्ड रॅडक्लिफ यांच्या 1956 च्या एका विधानाचा. लिंकनशायरमधील एका बाईंची मालमत्ता ईस्ट एलो ग्रामीण परिषदेने 1948 च्या आदेशाने सक्तीने संपादन केली होती. आदेश वाईट हेतूने मिळवला गेला, असा त्यांचा आरोप होता. पण कायद्याने आव्हानासाठी सहा आठवडेच दिले होते आणि बाई न्यायालयात आल्या 1954 मध्ये. हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने आदेशाला हात लावण्यास नकार दिला. रॅडक्लिफ यांच्या म्हणण्याचा आशय असा : अवैधतेचा डाग आदेश कपाळावर घेऊन फिरत नाही. योग्य ती कारवाई करून कोणी तो उलथवला नाही, तर निर्दोष आदेशाइतकाच तो परिणामकारक राहतो. परिषदेच्या कारकुनाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा मात्र चालू शकत होता. म्हणजे गैरवर्तनाला माफी नव्हती, फक्त जमिनीचा प्रश्न मिटला होता.

निष्ठुर वाटले तरी या नियमामागे कारण आहे. आदेशावर फक्त त्याचा बळी विसंबून राहत नाही. रिकाम्या जागेवर नेमलेला नवा माणूस, त्या जमिनीवर कर्ज देणारी बँक, सातबारा पाहून विकत घेणारा शेतकरी हे सारे त्यावर विसंबून पुढे जातात. वीस वर्षांनी कोणीही उठून ‘ते मुळातच शून्य होते’ म्हणू शकला, तर त्यांतल्या कोणाचीच पावले पक्क्या जमिनीवर राहणार नाहीत. आणि आदेश शून्य आहे की नाही हे ज्याने त्याने स्वतःच ठरवायचे म्हटले, तर हरणारा प्रत्येक जण आपल्याविरुद्धचा आदेश शून्यच ठरवील. इंग्लंडचे कायदेपंडित विल्यम वेड यांनी म्हणूनच शून्यतेला सापेक्ष म्हटले. योग्य माणसाने, योग्य वेळी, योग्य मार्गाने मागणी केली तरच आदेश शून्य ठरतो.

मग दुर्लक्ष करून कोणी कधीच सुटत नाही का? एकदा एक जण सुटला. मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी सप्टेंबर 1967 मध्ये एका इसमाला तडीपार केले. काही दिवसांतच तो हद्दीत परत आला आणि त्याच्यावर आदेशभंगाचा खटला भरला गेला. खटला चालू असतानाच जुलै 1968 मध्ये उच्च न्यायालयाने तडीपारीचा आदेश रद्द केला, कारण कलम 59 नुसार त्याला आपली बाजू मांडण्याची नीट संधी मिळाली नव्हती. प्रश्न असा उरला की तो परतला त्या दिवशी तर आदेश जिवंत होता. मग गुन्हा घडला की नाही? उच्च न्यायालयाने नंतर त्याला दोषी धरले. 1974 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र त्याला सोडले. मूलभूत हक्कावर घाला घालणारा, म्हणणे न ऐकता काढलेला तो आदेश पहिल्या दिवसापासूनच शून्य होता, असे त्यांनी ठरवले.

या निकालाचे दाखले पुष्कळ दिले जातात आणि एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. तो माणूस नुसता दुर्लक्ष करून बसला नव्हता. आदेशाला वर्ष होण्याच्या आत तो उच्च न्यायालयातून रद्द झाला होता. तसे झाले नसते तर सुटकेचा रस्ता फार अरुंद राहिला असता. शिवाय आदेशभंग करणारा स्वतःच्या जोखमीवर तो करतो. आदेश वैध निघाला तर शिक्षा ठरलेलीच.

तर मग ‘शून्य’ या शिक्क्याचा उपयोग काय? उपयोग आहे, तो न्यायालयाच्या दारात पोचल्यावर. अनेक कायद्यांत ‘या आदेशाविरुद्ध दिवाणी दावा चालणार नाही’ असे कलम असते. अधिकाऱ्याने कायद्याची चौकटच ओलांडली किंवा न्यायनिवाड्याची मूलभूत रीत पाळली नाही, तर त्या कलमातूनही वाट निघू शकते. आदेश शून्य जाहीर झाला की त्याच्यावर उभ्या राहिलेल्या पुढच्या गोष्टीही ढासळू शकतात. पण दार उघडले म्हणून घड्याळ थांबत नाही.

हे घड्याळ सरकारलाही लागू आहे, आणि नागरिकाच्या दृष्टीने ही बाजू फारशी सांगितली जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 257 मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्याला खालच्याच्या आदेशाची फेरतपासणी करण्याचा अधिकार आहे आणि पूर्वी कलमात त्याला मुदत लिहिलेली नव्हती. एका तहसीलदाराच्या 1976 च्या आदेशाविरुद्ध हा अधिकार सतरा वर्षांनी वापरला गेला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. मुदत लिहिलेली नसली तरी अधिकार वाजवी काळातच वापरायचा आणि साधारणपणे तीन वर्षे ही त्याची कमाल मर्यादा, असे न्यायालयाने म्हटले. जुना आदेश चुकीचा असला तरी त्याकडे नुसता काणाडोळा करता येत नाही. तो शून्य किंवा बेकायदा असल्याचा निष्कर्ष कोणीतरी नोंदवावा लागतो, आणि तोही वेळेत.

महाराष्ट्र शासनाच्या नोकराला आज असा आदेश मिळाला तर त्याची मुदत तीन वर्षांची नाही. त्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जावे लागते आणि तिथे 1985 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार अंतिम आदेशापासून एक वर्ष मिळते. आधी नियमांतले खात्याकडचे अपील करावे. ते करून सहा महिने झाले आणि उत्तर नाही, तर त्या सहा महिन्यांनंतर वर्ष मोजायला लागायचे. उशीर झाला तर समाधानकारक कारण दाखवून माफी मागता येते, पण तो हक्क नव्हे, न्यायाधिकरणाची मर्जी. जमिनीच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर महसुली अपिलाला साठ दिवस असतात.

लोक सर्वांत जास्त फसतात ते स्मरणपत्रांत. अर्ज, विनंती अर्ज, पुन्हा स्मरणपत्र, मंत्रालयात एक, आमदारांच्या शिफारशीसह एक, आणि प्रत्येकाची पोच जपून ठेवलेली. आपण लढतो आहोत असे वाटत राहते. 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की नियमांत नसलेली, वारंवार केलेली निवेदने मुदत वाढवत नाहीत. खात्याने पाच वर्षांनी ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ असे कळवले, तरी त्या पत्राच्या तारखेपासून नवे घड्याळ सुरू होत नाही.

तेव्हा हातात पडलेला आदेश कितीही उघड बेकायदा दिसला, तरी तो मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा, पाकीट फेकू नका आणि त्या आठवड्यात वकिलाला पहिला प्रश्न ‘हा शून्य आहे का’ असा विचारू नका. ‘अपील कुठे करायचे आणि शेवटचा दिवस कोणता’ हे आधी विचारा.